काकडी थंड कुणासाठी?

आई काकडी चिरायला घेते तेव्हा आधी देठाकडचा तुकडा कापते आणि तोच तुकडा उरलेल्या काकडीच्या तोंडावर गोल गोल घासते. थोड्या वेळाने कडेला पांढरा फेस जमतो. तो पुसायचा, एक चकती चाखून बघायची आणि मगच कोशिंबीर करायची की नाही ते ठरवायचं. कुकुरबिटॅसिन नावाची कडू द्रव्यं देठाच्या बाजूला आणि सालीखाली जास्त असतात, त्यामुळे चाखून बघण्यात शहाणपण आहे. मराठी घरात काकडीला पहिला प्रश्न असतो तो हाच: कडू तर नाही ना?

मागच्या महिन्यात भाचीने इंग्रजीचा गृहपाठ करता करता विचारलं, "मावशी, 'कूल ॲज अ क्युकंबर'ला मराठीत काय म्हणतात?" माझं उत्तर यायच्या आत तिने वहीत लिहूनही टाकलं होतं, "तो काकडीसारखा थंड पडला." शेजारी बसलेली आई दचकली. "अगं, कुणाला काय झालं?" मराठीत माणूस थंड पडला म्हणजे गेलाच. भाचीने शब्दाला शब्द बरोबर लावला होता, आणि शांत बसलेल्या माणसाला तिने स्मशानात पोचवलं होतं.

असं का होतं, ते बघण्यासाठी उपमा उघडून बघावी लागते. आपल्या जुन्या काव्यशास्त्राने तिचे चार भाग सांगितले आहेत. ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान, दोघांत समान असलेला साधारण धर्म, आणि 'सारखा', 'जणू', 'परी' असा साम्य दाखवणारा शब्द. भाचीच्या वाक्यात चारही भाग आहेत. व्याकरणाने ती पूर्णोपमाच आहे. गडबड तिसऱ्या भागात, म्हणजे साधारण धर्मात आहे.

इंग्रजीत ही काकडी जुनी आहे. आज जशी म्हणतात तशी ती जॉन गे या कवीच्या १७३२ सालच्या एका गाण्यात आढळते, आणि तिथेही ती भावनेने न हलणाऱ्या माणसाबद्दलच आहे. खरं तर ही उपमा श्लेषावर उभी आहे. 'कूल' या इंग्रजी शब्दाला हाताला लागणारा गारवा आणि मनाचा शांतपणा असे दोन्ही अर्थ आहेत. काकडीकडे पहिला आहे, माणसाकडे दुसरा, आणि एकाच शब्दाच्या जोरावर दोघांची गाठ बांधली गेली. (काकडी मूळची आपल्याकडची, हिमालयाच्या पायथ्याची. तिच्यावरची उपमा मात्र तिकडे तयार झाली.) मराठी 'थंड'लाही दुसरा अर्थ आहे, पण तो वेगळ्या दिशेला जातो. 'थंड माणूस' म्हणजे कशालाच प्रतिसाद न देणारा, 'थंड स्वागत' म्हणजे नकोसं स्वागत. श्लेष बदलला की गाठ सुटते.

अँड्र्यू ऑर्टनी या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली याची एक चांगली मांडणी केली. त्याचं म्हणणं असं की उपमा जमते तेव्हा तो समान गुण उपमानात ठळक असतो आणि उपमेयात फिका. वाघाचं नाव काढताच शौर्य आठवतं, समोरच्या माणसाकडे बघून ते आठवतंच असं नाही. वाघाच्या उजेडात माणसातला तो गुण दिसायला लागतो. म्हणूनच उपमा उलटी फिरवता येत नाही. 'हा पोरगा वाघासारखा आहे' हे कौतुक झालं, 'वाघ या पोरासारखा आहे' म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल.

आता ठळक काय आहे, हे वस्तूवर ठरत नाही, ती वस्तू रोज हाताळणाऱ्यांवर ठरतं. काकडीत जवळपास ९५ टक्के पाणी असतं, तिची चकती डोळ्यांवर ठेवली की बरं वाटतं, हे आपल्यालाही माहीत आहे. पण मराठी माणसाच्या मनात काकडीचा तो गुण पहिल्या रांगेत बसलेला नाही. याची तपासणी अगदी सोपी आहे. उपमेतून विशेषण काढून टाकायचं आणि चार-पाच जणांना विचारायचं. 'कोकणी माणूस फणसासारखा' म्हणा. समोरचा लगेच सांगेल, वरून काटेरी, आतून गोड. 'तो काकडीसारखा आहे' म्हणा. मी घरात, वाड्यात आणि ऑफिसात विचारून बघितलं. कुणी म्हणालं लांबट, कुणी कोवळा, कुणी पाणचट. 'शांत' कुणीच म्हणालं नाही. जिथे विशेषण काढल्यावर लोक तोच गुण स्वतःहून भरतात तिथे उपमा भाषेत मुरलेली असते. जिथे उत्तरं विखुरतात तिथे ती उसनी असते.

मग भाचीला एक खरंखुरं वाक्य दिलं. २ एप्रिल २०११, वानखेडे, विश्वचषकाचा अंतिम सामना. श्रीलंकेने दिलेलं लक्ष्य २७५. भारताचा तिसरा गडी ११४ वर बाद झाला आणि युवराजच्या आधी धोनी मैदानात आला. शेवटी षटकार मारून सामना संपवला तेव्हा तो ९१ धावांवर नाबाद होता. इंग्रजीत म्हणतील, हा माणूस काकडीइतका थंड होता. मराठीत काय म्हणायचं?

'धोनी बर्फासारखा थंड होता' असं तिने सुचवलं. ऐकताना हात-पाय गार पडल्यासारखं वाटतं. 'दगडासारखा ढिम्म' यात तर सरळ तक्रार आहे. ढिम्म माणूस हलायला हवा तेव्हाही हलत नाही, आणि धोनी तर दोन धावांसाठी जीव तोडून पळत होता. 'धोनी शांत होता' हे खरं आहे, पण त्यात जोर नाही. मग ती म्हणाली, "डोकं थंड ठेवून खेळला." इथे बसलं. का बसलं, हे बघण्यासारखं आहे. मराठीत राग डोक्यात राहतो. डोकं तापतं, डोक्यात तिडीक जाते, डोकं फिरतं. त्यामुळे थंडपणा अख्ख्या माणसाला लावला तर तो मेलेला किंवा निर्विकार ठरतो, आणि फक्त डोक्याला लावला तर धीराचा. 'डोक्यावर बर्फ, तोंडात साखर' हा सल्ला याच नकाशावर चालतो. अर्थात 'थंड डोक्याने केलेला खून' हेही आपण बातम्यांत वाचतो, म्हणजे कशासाठी डोकं थंड ठेवलं तेही वाक्यात दिसायला हवं. आणि कट्ट्यावर बसून बोलायचं असेल तर मी उपमाच सोडून देईन: "स्टेडियम पेटलं होतं, पण पठ्ठ्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही."

शब्द जुळत नाही तेव्हा चूक लगेच कळते. जास्त फसवतात त्या अर्ध्या जुळणाऱ्या उपमा. इंग्रजीत टीका अंगाला लावून न घेणाऱ्या माणसाबद्दल म्हणतात, बदकाच्या पाठीवरून पाणी ओघळावं तसं. मराठीत लगेच तोंडात येतं, 'पालथ्या घड्यावर पाणी'. चित्र तेच, पाणी पडलं आणि वाहून गेलं. पण बदकाचं पाणी ओघळतं यात बदकाचं भलं आहे, आणि घड्यावरचं पाणी वाहून जातं यात पाणी ओतणाऱ्याचं नुकसान आहे. घड्याला नावं ठेवायला ही म्हण वापरतात. बॉसची बोलणी खाऊन हसत बाहेर आलेल्या मैत्रिणीचं कौतुक करताना 'तू म्हणजे पालथा घडा' म्हणालात तर ती पुन्हा बोलणार नाही.

आणि गंमत अशी की बदकाच्या पिसांशी खरं नातं असलेली वस्तू आपल्या परसात उभी आहे. अळूच्या पानावर पाण्याचे चार थेंब टाकून बघा. ते पसरत नाहीत, पाऱ्यासारखे गोल होतात आणि पान जरा कललं की घरंगळून जातात, मागे ओल न ठेवता. पानाच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे असतात, त्यांच्यावर मेणाचे आणखी बारीक कण. थेंब या टोकांवर टेकतो आणि खाली हवा अडकून राहते, म्हणून पाणी पानाला नीट चिकटतच नाही. बदकाच्या पिसांतही बारीक तंतूंच्या जाळीत हवा अडकते आणि वर तेलाचा हात असतो. भौतिकशास्त्र जवळपास एकच. पण इंग्रजीने बघितलं की बदक कोरडं राहिलं, आणि मराठीने बघितलं की थेंब राहिला नाही. 'आयुष्य म्हणजे अळवावरचं पाणी' यात पान कोरडं आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. एकाच घटनेत एकाची नजर पृष्ठभागावर गेली, दुसऱ्याची पाण्यावर, आणि दोन उपमा कधीच न भेटणाऱ्या दोन गावांना गेल्या. बदकाच्या जागी मी 'तिने मनावरच घेतलं नाही' किंवा 'या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं' म्हणेन. दुसऱ्यात थोडा खट्याळपणा आहे, तो चालत असेल तरच.

'सोन्यासारखा मुलगा'ही असाच फसवतो. इंग्रजीत मूल सोन्यासारखं वागलं म्हणजे त्रास न देता बसलं. आपलं सोन्यासारखं लेकरू घर डोक्यावर घेणारं असू शकतं. ते मोलाचं आहे, एवढंच आपण सांगत असतो.

विजेचं मात्र सोपं आहे असं वाटतं. वीज दोन्हीकडच्या आभाळात चमकते, आणि 'विजेच्या वेगाने' हे बिनतक्रार मराठी आहे. पण ते कुठे ऐकू येतं? बातमीत, भाषणात, सामन्याच्या वर्णनात. मांजर दूध पिऊन पळालं तर घरात कुणी 'विजेच्या वेगाने पळालं' म्हणत नाही. 'सर्रकन पळालं' म्हणतात. झटकन, गपकन, भुर्रकन, धाडदिशी, खाडदिशी. हे शब्द तुलना करत नाहीत, घटनेचा आवाज किंवा झटका जसाच्या तसा तोंडातून काढतात. भाषाशास्त्रात त्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात, आणि मराठीची ही एकटीची मालमत्ता नाही. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली दाखवून दिलं की असे शब्द द्राविडी आणि आर्य दोन्ही कुळांतल्या भारतीय भाषांत भरपूर आहेत आणि त्यांनी ते एकमेकींकडून घेतलेही आहेत. इंग्रजी उपमा जे काम चार शब्दांत करते, ते इथे एका '-कन'मध्ये होतं.

विशेषणांचं काम असंच जोडशब्द करतात. इंग्रजीत कोरडं हाडासारखं, पांढरं चादरीसारखं, बहिरा खांबासारखा. आपल्याकडे कोरडंठाक, पांढराफटक, ठार बहिरा. यातल्या काही जोड्यांत जुनी उपमा अजून ओळखू येते: कडूजहर म्हणजे जहरासारखं कडू, मऊसूत म्हणजे सुतासारखं मऊ, फक्त 'सारखं' गळून गेलं. बाकीच्यांत दुसऱ्या शब्दाला एकट्याने फारसा अर्थ उरलेला नाही, पण जोडीदार ठरलेला आहे. काळाकुट्ट होतो, हिरवाकुट्ट होत नाही. हिरवागार होतो, लालगार होत नाही. आणि पांढराफटक पडतो तो घाबरलेला चेहरा. दूध पांढरंशुभ्र असतं.

हे सगळं ऐकून भाचीने वहीतलं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, "सगळे घाबरून पांढरेफटक पडले होते, पण त्याने डोकं थंड ठेवलं." मग तिने विचारलं की थंडगारमधला 'गार' म्हणजे आभाळातून पडते ती गार का, आणि आम्ही दोघी शब्दकोश काढून बसलो.