इतिवृत्ताचे वार्तापत्रासाठी रूपांतर

संस्थेच्या सभेच्या इतिवृत्तातील एखादा परिच्छेद सभासदांच्या वार्तापत्रात वाचला जाईल अशा छोट्या, बोलत्या मजकुरात उतरवण्याचे काम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात वाचनालये, सहकारी पतसंस्था, महिला मंडळे आणि युवक मंडळे मराठीत कारभार करतात. तिथे हे काम सहसा कार्यवाह किंवा वार्तापत्र पाहणारा एखादा सभासद करतो. इतिवृत्ताला इकडे बोलताना ‘प्रोसिडिंग’ म्हणतात आणि ते ज्या वहीत लिहायचे ती ‘प्रोसिडिंग बुक’.

इतिवृत्त आणि वार्तापत्र यांचा क्रमच वेगळा असतो. इतिवृत्त सभेच्या क्रमाने चालते: विषय, चर्चा, सूचना, ठराव, सूचक, अनुमोदक. निर्णय शेवटी येतो, कारण सभेतही तो शेवटीच झालेला असतो. सभासदाला मात्र आधी हवे असते ते आपल्यासाठी काय बदलले. म्हणून परिच्छेद उलटा वाचून सुरुवात करावी. शेवटची दोन वाक्ये आधी वाचली की निर्णय हाती लागतो, आणि वरची चर्चा त्या निर्णयाचे कारण म्हणून किती लागते ते कळते. बहुधा एक वाक्य पुरते.

लिहिण्याआधी पेन्सिलने चार गोष्टी अधोरेखित कराव्यात: काय ठरले, किती रक्कम, कधीपर्यंत, आणि कोणी ठरवले. चौथी गोष्ट सर्वात जास्त विसरली जाते. कार्यकारी मंडळाने ठरवले की सर्वसाधारण सभेने, यावर निर्णयाचे वजन अवलंबून असते. पतसंस्थांत याचे नेहमीचे उदाहरण लाभांशाचे. संचालक मंडळ लाभांशाची शिफारस करते आणि मंजुरी वार्षिक सर्वसाधारण सभा देते. ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. मंडळाच्या सभेनंतर जुलैच्या अंकात ‘यंदा लाभांश इतका मिळणार’ असे छापले, तर सभासद ऑगस्टमध्येच काउंटरवर येऊन उभे राहतात. ‘संचालक मंडळाने इतक्या टक्क्यांची शिफारस केली आहे, सर्वसाधारण सभेने मान्य केल्यावर ती लागू होईल’ हे वाक्य थोडे लांब आहे, पण खरे आहे.

दुसरी मोठी अडचण क्रियापदांची. इतिवृत्ताची मराठी ‘करण्यात यावे’, ‘देण्यात येत आहे’, ‘करण्यात आले’ अशी चालते आणि वरवर सगळी रूपे सारखीच वाटतात. पण ‘करण्यात यावे’ म्हणजे काम व्हायचे आहे, ‘करण्यात आले’ म्हणजे झाले आहे. ‘मंजुरी देण्यात येत आहे’ याचा अर्थ या सभेतच मंजुरी मिळाली, पैसे खर्च झाले असा नव्हे. कर्मणी वाक्य मोकळे करताना घाईत ‘दुरुस्ती करण्यात यावी’चे ‘दुरुस्ती केली’ होते आणि न झालेले काम कागदावर झालेले दिसते. उलटी चूक ‘कार्योत्तर मंजुरी’च्या बाबतीत होते. तिथे खर्च आधीच झालेला असतो आणि सभेने नंतर मान्यता दिलेली असते. ‘अमुक खर्च करण्यास मंजुरी’ असे छापले की सभासदाला वाटते, अजून करायचा आहे. ‘नोंद घेण्यात आली’ याचा अर्थ कुणी तरी सांगितले आणि सभेने ऐकले, एवढाच. त्यावर काहीही ठरलेले नसते. ‘तत्त्वतः मंजुरी’ म्हणजे कल्पना मान्य, रक्कम आणि तपशील बाकी. यातला कोणताही शब्द सोपा करताना त्याची पायरी बदलता कामा नये.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. आज तो कर्नाटकात आहे आणि राज्याची राजभाषा कन्नड असल्याने निबंधकांकडची पत्रे, परिपत्रके कन्नडमध्ये येतात. सभेची शब्दसंपत्ती दोन्ही भाषांत बरीच सामाईक आहे. मराठीतला ‘ठराव’ कन्नडमध्ये ‘ठरावु’ म्हणून चालतो. सूचक, अनुमोदक, सर्वानुमत हेही तसेच. त्यामुळे कन्नड शाळेत शिकलेला कार्यवाह मराठी इतिवृत्त सहज लिहितो, आणि त्यात काही शब्द मराठी अक्षरांत पण कन्नड अर्थाने शिरतात. ‘कार्यालयाकडे प्रस्तावना सादर केली’ असे वाक्य दिसले तर ती पुस्तकाची प्रस्तावना नव्हे. कन्नडमध्ये ‘प्रस्तावने’ म्हणजे प्रस्ताव. ‘सभासदांना बोलण्यास अवकाश देण्यात आला’ यात ‘अवकाश’ हा कन्नड अर्थाने, संधी या अर्थी आला आहे. मराठी वाचक ‘वेळ’ असे समजेल. शंका आली की कार्यवाहांनाच विचारावे, अंदाजाने सुधारू नये.

आता एक परिच्छेद जवळून पाहू. खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या सभेचे हे इतिवृत्त नमुन्यादाखल घेतले आहे:

‘विषय क्र. ४ : वाचनालयाच्या छपराच्या दुरुस्तीबाबत विचारविनिमय करणे. सदर विषयावर साधकबाधक चर्चा झाली. पश्चिमेकडील खोलीचे छप्पर गतवर्षीच्या पावसाळ्यात गळून संदर्भ विभागातील अंदाजे ४० पुस्तके भिजल्याचे कार्यवाहांनी निदर्शनास आणून दिले. प्राप्त तीन दरपत्रकांपैकी रु. ८६,५०० चे सर्वात कमी दराचे दरपत्रक स्वीकारण्यात यावे व काम मेअखेर पूर्ण करून घेण्यात यावे असे ठरले. त्यासाठी इमारत निधीतून रु. ५०,००० खर्च करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. उर्वरित रकमेसाठी सभासदांकडून ऐच्छिक देणगी घेण्याच्या सूचनेवर पुढील सभेत निर्णय घेण्यात यावा. कामाच्या काळात सदर खोली बंद ठेवून वाचकांची व्यवस्था सभागृहात करण्यात यावी. ठराव बहुमताने मंजूर (बाजूने ९, विरुद्ध २).’

पहिल्या प्रयत्नात सहसा असे काही लिहिले जाते: ‘वाचनालयाला मिळणार नवं छप्पर! सभासदांच्या उदार देणग्यांतून ८६,५०० रुपयांचं काम पावसाआधी पूर्ण करण्याचा निर्णय सभेने एकमताने घेतला.’ वाचायला झकास, पण दोन वाक्यांत पाच चुका. छप्पर नवे नाही, दुरुस्तीचे आहे. तेही एका खोलीचे. देणग्यांवर काहीच ठरलेले नाही, आणि मोठी रक्कम इमारत निधीतून येणार आहे. ठराव एकमताने नव्हे, बहुमताने झाला. विरोधात मत दिलेले दोघे सभासद हा अंक वाचणार आहेत आणि पुढच्या सभेत पहिला प्रश्न तेच विचारणार. पाचवी चूक ‘पावसाआधी’ या शब्दात आहे. खानापूरकडे वळवाचा पाऊस एप्रिल-मे महिन्यांतच येऊन जातो, तेव्हा ‘पावसाआधी’ हे आश्वासन मेअखेरच्या मुदतीत बसत नाही. याच जागी ‘मृगाआधी’ लिहिले की काम भागते. मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागते, मुदत त्याच्या अलीकडे पडते, आणि शेतकरी घरातल्या वाचकाला तारखेपेक्षा हा शब्द लवकर कळतो. मजकूर जिवंत करायचा तो अशा शब्दांनी. उद्गारचिन्हांनी तो फक्त मोठ्याने बोलतो.

उतरवलेला मजकूर असा:

‘मृगाआधी पश्चिमेच्या खोलीचं छप्पर दुरुस्त होणार

गेल्या पावसाळ्यात पश्चिमेची खोली गळली आणि संदर्भ विभागातली चाळीसेक पुस्तकं भिजली. यंदा मृगाआधी ते छप्पर दुरुस्त करून घ्यायचं कार्यकारी मंडळाने बहुमताने ठरवलं आहे. तीन दरपत्रकांपैकी सर्वात कमी दराचं, ८६,५०० रुपयांचं, स्वीकारायचं ठरलं. काम मेअखेर संपवायचं आहे. ५०,००० रुपये इमारत निधीतून येतील. उरलेले ३६,५०० कसे उभे करायचे, ते पुढच्या सभेत ठरेल. काम चालू असेपर्यंत ही खोली बंद राहील. वाचकांनी तेवढे दिवस सभागृहात बसावं.’

इथे काय गळले ते पाहण्यासारखे आहे. विषय क्रमांक, ‘सदर’, ‘साधकबाधक चर्चा’, ‘निदर्शनास आणून दिले’ हे सगळे गेले आणि अर्थ कुठेच कमी झाला नाही. भिजलेली पुस्तके सुरुवातीला आली, कारण निर्णयाचे कारण तेच आणि डोळ्यांसमोर उभे राहते तेही तेच. ३६,५०० हा आकडा मूळ परिच्छेदात नाही, तो वजाबाकीने काढला आहे. असा आकडा काढला तर लिहिणाऱ्याने कार्यवाहांना दाखवलाच पाहिजे, कारण कधी कधी उर्वरित रकमेत कर किंवा आधी दिलेली आगाऊ रक्कम धरलेली असते. देणगीची सूचना मुद्दाम गाळली आहे. पुढच्या सभेत ठरायच्या गोष्टीचा उल्लेख केला की निम्मे वाचक ती ठरलीच असे धरतात. मंडळाला ती चर्चा सभासदांपर्यंत न्यायचीच असेल तर वेगळ्या चौकटीत, प्रश्न म्हणून द्यावी.

मतांचे आकडे वार्तापत्रात द्यावेत का, यावर संस्थांत एकमत नाही. ‘बहुमताने’ हा शब्द मात्र टाळू नये. आकडे दिले की ‘ते दोघे कोण’ ही चर्चा गावात सुरू होते, म्हणून छोट्या संस्थांनी शब्दावर थांबलेले बरे. सूचक-अनुमोदकांची नावे वार्तापत्रात लागत नाहीत. थकबाकीदार, शिस्तभंगाची बाब किंवा नोकरभरतीतील उमेदवार यांची नावे इतिवृत्तात असली तरी इकडे येता कामा नयेत. हे परिच्छेद पूर्ण वगळावेत. नाव गाळून वर्णन ठेवले तर लहान गावात माणूस ओळखू येतोच.

भाषेची पातळी ठरवताना लिहिणारे दोन टोकांना जातात. एक टोक इतिवृत्ताचीच भाषा, दुसरे टोक गप्पांची. ‘पुस्तकं’, ‘छप्पर दुरुस्त करून घ्यायचं’ अशी बोलीकडे झुकणारी रूपे वार्तापत्रात चालतात, पण पूर्ण अंकात एकच पद्धत ठेवावी; एका बातमीत ‘पुस्तके’ आणि शेजारच्या बातमीत ‘पुस्तकं’ असे नको. ‘या की’, ‘बघा की’ ही बेळगावकडची हाक निमंत्रणात गोड वाटते, ठरावाच्या सारांशात नाही.

लांबीचा साधा हिशेब असा: शंभर-सव्वाशे शब्दांचा परिच्छेद साठ ते ऐंशी शब्दांत यावा. छापील अंकाशिवाय बहुतेक सभासद मजकूर मोबाइलवर चित्राच्या रूपात पाहतात, आणि ऐंशी शब्दांपलीकडे गेले की अक्षर बारीक करावे लागते.

एक वेळेची अडचण राहते. इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम होते, आणि वार्तापत्र बहुधा त्याआधीच निघते. तोवर इतिवृत्तात दुरुस्ती होऊ शकते. म्हणून मजकूर छापण्याआधी कार्यवाह आणि अध्यक्ष यांनी मूळ पानाशी ताडून पाहावा, आणि अंकाच्या तळाशी ‘सभेचे अधिकृत निर्णय प्रोसिडिंग बुकात पाहावेत’ अशी एक ओळ द्यावी. पुढच्या सभेत दुरुस्ती झालीच, तर शुद्धिपत्रात नुसते ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ न लिहिता चुकीचे वाक्य आणि दुरुस्त वाक्य दोन्ही छापावीत: ‘गेल्या अंकात “५०,००० रुपये इमारत निधीतून येतील” असे छापले होते, ते “४५,०००” असे वाचावे.’