मेलेल्या बैलाला सुरी का लावू नये? काळपुळीची जुनी गोष्ट

मुरबाडला मामाकडे एक बैल रात्री चांगला खात होता आणि सकाळी गोठ्यात मेलेला सापडला. पोट फुगलेलं, अंग नेहमीसारखं ताठलेलं नाही, नाकातून आणि शेणाच्या जागेतून काळसर रक्त, आणि ते रक्त गोठतच नव्हतं. कातडं काढणारा सुरी घेऊन आला पण गुरांच्या डॉक्टरांनी त्याला लांबूनच थांबवलं, फक्त कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि म्हणाले, फाशी असू शकते, याला कापायचं नाही. म्हणजे काळपुळी, अँथ्रॅक्स.

का नाही याचं उत्तर 1876 मध्ये मिळालं. वोलस्टाइन गावचा डॉक्टर रॉबर्ट कॉख घरातच प्रयोग करायचा, त्याने बैलाच्या डोळ्यातल्या पाण्यात हे जंतू वाढवून दाखवलं की त्यांचे बीजाणू बनतात, म्हणजे कडक कवचातलं झोपलेलं रूप. आता बीजाणू बनायला हवेतला ऑक्सिजन लागतो, ही खरी गोम आहे. न फाडलेल्या शरीरात ऑक्सिजन नसतो, सडण्याने जंतू काही दिवसांत मरून जातात. पोट उघडलं की रक्त हवेला लागतं आणि जे बीजाणू बनतात ते मातीत दशकानुदशकं टिकतात. कुत्र्यांनी फाडलं तरी तेच, म्हणून राखण करावी लागते.

पुढे पाश्चरने पाहिलं की पुरलेल्या मेंढ्यांच्या वरच्या मातीतले गांडूळ बीजाणू वर आणतात, फ्रान्समध्ये अशा शेतांना लोक शापित म्हणायचे. म्हणून खड्डा उथळ नको, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओढ्याकाठी तर अजिबात नको. पूर्ण जाळणं सगळ्यात चांगलं. ते जमलं नाही तर दोन मीटर खोल पुरायचं, आधी नाक-तोंड-गुदद्वारात फॉर्मॅलिनचा बोळा, फरफटत न्यायचं नाही, आणि रक्ताळलेली माती, पेंढा त्याच खड्ड्यात. चुना टाकायची सवय आपल्याकडे आहे पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत ते नको म्हटलंय, चुन्यातलं कॅल्शियम बीजाणूंना टिकायलाच मदत करू शकतं.

माणसाला हे बहुतेक वेळा कातडीतून होतं, हाताला जखम असली आणि त्याच हाताने कातडं सोललं की. आधी खाजणारी पुळी, मग मधोमध काळी खपली, आणि ती दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. असं मांस शिजवून खाल्लं तरी भरवसा नाही, बीजाणू उष्णतेलाही चिवट असतात. वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर कातडीचा आजार जवळजवळ नेहमी बरा होतो, तेव्हा ठाण्याच्या दवाखान्यात गेलात तरी आधी सांगा की चार दिवसांपूर्वी मेलेलं जनावर हाताळलंय, नाहीतर ती साधी पुळीच वाटते.