सगळ्या ऑर्डरी एकदम सोडल्या की माल लवकर निघतो?

“सकाळी आलेल्या सगळ्या ऑर्डरी एकदम पिकिंगला, म्हणजे गोदामातून माल काढायला, सोडा, माल लवकर निघतो.”

हे पटण्यासारखं आहे, कारण सगळे कामाला लागलेले दिसतात. पण वेग ठरतो सर्वांत हळू चालणाऱ्या टप्प्यावर. समजा, रत्नागिरीजवळच्या गोदामातून काजूगर, आंबापोळी, कोकम आगळ जातं. पॅकिंगच्या टेबलावरून तासाला 40 ऑर्डरी बाहेर पडतात. पिकिंग सुरू झालेल्या, पण अजून गाडीत न चढलेल्या ऑर्डरी सरासरी 120 असतील, तर एकीला लागणारा सरासरी वेळ 120 भागिले 40, म्हणजे 3 तास. हाच लिटलचा नियम.

आता 240 ऑर्डरी आत ठेवा. टेप लावणारे हात तेवढेच, म्हणून तासाला 40च निघणार आणि वेळ होणार 6 तास. त्यात ट्रॉल्यांच्या गर्दीत आगळाची एक बाटली शोधण्यात माणूस अडकला, की 40 सुद्धा गाठता येत नाहीत.

मात्र ऑर्डरी नुसत्या बाहेर रोखल्याने गिऱ्हाइकाची वाट कमी होत नाही. त्याचं घड्याळ ऑर्डर दिल्यापासून चालतं. फायदा एवढाच, की तातडीची ऑर्डर पुढे घेता येते आणि गोंधळ टळतो. फार कमी सोडल्या तर टेबल रिकामं बसतं, तेही नको.

पडताळायचं असेल तर आठवडाभर दर तासाला आतल्या ऑर्डरी मोजा, सरासरी काढा आणि तिला तासाला निघणाऱ्या सरासरी ऑर्डरींनी भागा. उत्तर स्कॅनरने नोंदलेल्या, पिकिंगपासून गाडीत चढेपर्यंतच्या सरासरी वेळाशी जुळायला हवं. आंब्याच्या हंगामात ढीग रोज वाढतच असेल, तर मात्र हा हिशोब लागू पडत नाही.