वर्गनियमातला तो ‘अर्धा’ कुठून आला?

पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या जर्नलांमध्ये मॉसफेट या ट्रान्झिस्टरची तीन सूत्रं एकाखाली एक लिहिलेली असतात. कटऑफमध्ये करंट शून्य, ट्रायोडमध्ये एक लांबलचक सूत्र आणि सॅच्युरेशनमध्ये वर्गाचं आटोपशीर सूत्र. व्हायव्हात ती धडाधड म्हटलीही जातात. पण ही तीन वेगळी सूत्रं नाहीतच. एकाच हिशेबाचे ते तीन तुकडे आहेत, आणि तो हिशेब चालणाऱ्या मॉसफेटपेक्षा जुना आहे.

धातूच्या पट्टीला व्होल्टेज देऊन शेजारच्या अर्धवाहकातला करंट कमीजास्त करायचा, या कल्पनेच्या पेटंटसाठी लिलियनफेल्ड यांनी अमेरिकेत 1926 मध्येच अर्ज केला होता. बेल लॅब्समध्ये शॉकली यांनी 1945 मध्ये हा प्रयोग केला, तर परिणाम जवळजवळ शून्य. कारण बार्डीन यांनी शोधलं: पृष्ठभागावरच इलेक्ट्रॉन अडकून पडतात आणि आतल्या भागाला बाहेरचं विद्युतक्षेत्र जाणवतच नाही. मग 1952 मध्ये शॉकली यांनी पृष्ठभागाला वळसा घालून जंक्शनच्या फेटचा सिद्धांत मांडला. तिथे त्यांनी एक गृहीत धरलं. चॅनलच्या, म्हणजे सोर्सपासून ड्रेनपर्यंत करंट वाहतो त्या वाटेच्या, लांबीच्या दिशेने व्होल्टेज इतकं सावकाश बदलतं, की प्रत्येक बिंदूवरचा चार्ज फक्त वरच्या गेटवरून ठरवता येईल.

अटाला आणि कांग यांनी 1959 मध्ये सिलिकॉनवर उष्णतेने ऑक्साइड वाढवून पृष्ठभाग काबूत आणला आणि मॉसफेट चालला. जुनं गृहीतक इथेही लागू पडलं. 1964 मध्ये इहान्तोला-मोल यांनी आणि स्वतंत्रपणे सा यांनी त्यावरून मॉसफेटची समीकरणं सविस्तर मांडली.

हिशेब असा. `VGS` आणि `VDS` म्हणजे सोर्सच्या तुलनेत गेटचं आणि ड्रेनचं व्होल्टेज, `VT` म्हणजे चॅनल तयार व्हायला गेटला लागणारं किमान व्होल्टेज, आणि `ID` म्हणजे ड्रेनचा करंट. सोर्सपाशी चॅनलमधला चार्ज `VGS - VT` च्या प्रमाणात असतो. ड्रेनपाशी चॅनलचंच व्होल्टेज `VDS` ने चढलेलं असल्यामुळे तो `VGS - VT - VDS` एवढाच उरतो. सरासरी काढली की वजा होतो `VDS` चा अर्धा, आणि करंटसाठी ती सरासरी `VDS` ने गुणायची. तो ‘अर्धा’ इथून येतो, बाकी काही गूढ नाही.

```
ID = k [ (VGS - VT) VDS - VDS²/2 ]
```

`k` मध्ये मोबिलिटी, ऑक्साइडची कपॅसिटन्स आणि रुंदी भागिले लांबी, सगळं आलं. समजा `k` = 1 mA/V², `VT` = 1.5 V आणि `VGS` = 3.5 V. `VDS` 0.5 V असेल तर करंट 0.875 mA, आणि 2 V झाला की 2 mA. आता त्याच सूत्रात 4 V घाला: उत्तर शून्य! प्रत्यक्षात करंट असा खाली येत नाही. 2 V ला ड्रेनपाशी चार्ज संपतो, म्हणजे गृहीतकच तिथे मोडतं. पुढचं जादा व्होल्टेज ड्रेनजवळच्या अरुंद पट्ट्यात पडतं आणि करंट 2 mA वरच राहतो. पॅराबोलाचं शिखर गाठून तिथूनच आडवी रेघ ओढायची, म्हणजे सॅच्युरेशनचं सूत्र:

```
ID = (k/2)(VGS - VT)²
```

1968 मध्ये शिकमन आणि हॉजेस यांनी या आडव्या रेघेला `(1 + λVDS)` चा किंचित चढ देऊन सगळं संगणकाच्या सोयीचं केलं. सर्किट सिम्युलेट करणाऱ्या स्पाइस या प्रोग्रॅममधलं लेव्हल 1 मॉडेल ते हेच.

हे पडताळायला तापकीर गल्लीतून आणलेली एक सीडी4007 चिप पुरते. तिच्यातल्या एका मॉसफेटचं गेट पिन 6 वर, ड्रेन 8 वर आणि सोर्स 7 वर असतो. पिन 6 आणि 8 जोडायच्या, 7 ग्राउंडला, 14 सर्वांत वरच्या व्होल्टेजला, 13 मोकळी. गेट आणि ड्रेन जोडलेले असले की हा ट्रान्झिस्टर चालू असताना कायम सॅच्युरेशनमध्येच असतो. करंटचं वर्गमूळ `VGS` समोर काढा. वरच्या आकड्यांनी 3.5 V ला 2 mA, 4.5 V ला 4.5 mA, वर्गमुळं 1.41 आणि 2.12. रेघ मागे वाढवली की ती 1.5 V ला अक्षाला टेकते, तोच `VT`. खऱ्या चिपचे आकडे वेगळे येतील, रेघ मात्र मधल्या टप्प्यात सरळ हवी.

दोन्ही टोकांना ती वाकते, आणि माझ्या मते जर्नलमध्ये खरं लिहिण्यासारखं तेच असतं. खाली शेपूट दिसते, कारण कटऑफमधला करंट खरोखर शून्य नसतो. `VT` च्या खाली तो घातांकाने घटतो. दहापट कमी व्हायला खोलीच्या तापमानाला निदान 60 mV लागतात. वरच्या टोकाला रेघ झुकते, कारण गेटचं क्षेत्र वाढलं की इलेक्ट्रॉन पृष्ठभागाला जास्त घासतात आणि मोबिलिटी उतरते. चॅनल फारच आखूड केला तर वेगालाच मर्यादा येते. म्हणून 1990 मध्ये साकुराई आणि न्यूटन यांनी वर्गातला 2 काढून तिथे α ठेवला, ज्याची किंमत आखूड चॅनलला 1 च्या दिशेने सरकते.