शर्टामागे वीज किती? सुई थांबते, मोटर थांबत नाही

"बिल इस्त्रीच खाते हो," सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे एक ओळखीचे टेलर मास्तर मला ठामपणे म्हणाले. इस्त्रीवर हजार वॉट लिहिलेलं, तिचा चटका बसतो, त्यामुळे संशय तिच्यावर जाणं स्वाभाविकच. पण त्यांच्याकडे ६ शिलाई मशीन आहेत, सगळ्या जुन्या क्लच मोटरच्या. मला संशय त्यांचाच होता. म्हणून आम्ही मोजून बघितलं.

मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की १ युनिट. आम्ही पंखे, दिवे, इस्त्री सगळं बंद केलं आणि एकच मशीन चालू ठेवलं. पायडलवर पाय नाही, सुई स्थिर. ३ मिनिटांत ३२ लुकलुकी झाल्या. ३ मिनिटांत ०.०१ युनिट, म्हणजे तासाला ०.२ युनिट. काहीही न शिवता २०० वॉट!

ही वीज जाते कुठे? क्लच मोटर एकदा बटण दाबलं की मिनिटाला सुमारे २८०० फेरे फिरतच राहते. पायडल दाबलं की बुचाचं अस्तर असलेली चकती फिरत्या चाकावर टेकते, पट्टा ओढला जातो, सुई पळते. पाय उचलला की ब्रेक लागतो, पण मशीनला, मोटरला नाही. मोटरच्या आत चुंबकक्षेत्र उभं ठेवायला सतत विद्युतप्रवाह लागतो. गंमत अशी की त्यातली बरीचशी ऊर्जा मोटर घेते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आतच तारेत परत करते. म्हणून क्लॅम्प मीटर २ अँपिअर दाखवतो, त्याला २३० ने गुणलं की ४६० येतात, पण खरा वापर २०० वॉटच असतो. मात्र तोच ये-जा करणारा प्रवाह तांब्याच्या तारा तापवतो, दिशा बदलणारं क्षेत्र लोखंडी गाभा तापवतं, आणि उरलेलं बेअरिंग नि थंडाव्याचा पंखा घेतात. मोटरला हात लावून बघा, रिकामी फिरूनही कोमट लागते. ती ऊब आपण बिलात विकत घेतलेली आहे.

(प्लगमध्ये लावायची 'वीज बचत' डबी याच ये-जा करणाऱ्या प्रवाहावर बोट ठेवून विकतात. आत बहुधा एक कपॅसिटर असतो. तो तारेतला प्रवाह कमी करतो, पण युनिट मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा त्याने खाली येत नाही. पैसे घालवू नका.)

आता दिवसाचा हिशोब. कापड लावणं, घडी जुळवणं, धागा कापणं, बॉबिन बदलणं यातच कारागिराचा वेळ जातो. ८ तासांत सुई जेमतेम २ तास चालते. शिवताना ३०० वॉट धरले तर २ तासांचे ०.६ युनिट आणि रिकाम्या ६ तासांचे १.२, म्हणजे मशीनमागे १.८ आणि ६ मशीनचे १०.८ युनिट. इस्त्री दिवसभर चालू असली तरी थर्मोस्टॅट तिला निम्मा वेळ बंद ठेवतो, म्हणून ४ युनिट. दिवे-पंखे २.६. दिवसाला ६० शर्ट निघतात. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा दर काढा. इथे ८ रुपये धरू. शर्टामागे मशीनचे १ रुपया ४४ पैसे, इस्त्रीचे ५३ पैसे, दिवे-पंख्यांचे ३५. एकूण २ रुपये ३२ पैसे, आणि त्यात ९६ पैसे नुसत्या रिकाम्या फिरण्याचे.

"मग मधे बंद करायची का? चालू करताना झटका जास्त बसतो ना?" हा मास्तरांचा पुढचा प्रश्न. झटका बसतो, पण सेकंदभरच. त्या सेकंदाला दीड हजार वॉट धरले तरी ती वीज ७-८ सेकंदांच्या रिकाम्या फिरण्याइतकीच होते. जेवणाच्या सुट्टीत किंवा कापायची वाट बघताना बटण बंद करणं फायद्याचंच. मात्र दर अर्ध्या मिनिटाला चालू-बंद केलं तर मोटरची सुरुवातीची वायंडिंग तापते आणि आतला स्विच झिजतो.

सर्व्हो मोटर पायडल दाबल्यावरच फिरते; थांबलेली असताना फक्त तिचं इलेक्ट्रॉनिक्स १० वॉटच्या आसपास घेतं. शिवताना १५० वॉट धरले तर मशीनमागे १.८ ऐवजी ०.३६ युनिट, म्हणजे दिवसाला साडेअकरा रुपयांची बचत. मोटर ५ हजारांना पडली तर सुमारे ४३५ कामाचे दिवस लागतात. गणवेशाचं काम मोसमी असतं. जूननंतर मशीन रोज ३ तासच चालणार असेल तर ही मुदत कितीतरी लांबते. म्हणून मास्तरांनी सहाही मोटर एकदम बदलल्या नाहीत. लांब सरळ शिलाईच्या मशीनवर सुई जास्त वेळ चालते, तिथे बचत कमी. कॉलरच्या मशीनवर जुळवाजुळवीतच वेळ जातो आणि मोटर नुसती फिरत असते. पहिली सर्व्हो तिथे बसली.