बदलापुरात किती डबे खपतील? वरून मोजलेला बाजार आणि खालून मोजलेला

आमची वहिनी डोंबिवली पूर्वेला डबे करते. सध्या रोजचे सत्तर, त्यातले पंचावन्न दुपारचे. स्टेशनजवळची दुकानं, दोन-तीन दवाखाने, एक बँक आणि बाकी एकटे राहणारे आजी-आजोबा. गेल्या वर्षी तिच्या मनात बदलापूर आलं. ओळखीची बरीच घरं तिकडे राहायला गेली होती आणि प्रत्येक जण म्हणत होता, "तुमच्यासारखा डबा इथे मिळत नाही हो." मी नोकरीने कॉस्टिंगमधला, त्यामुळे हिशेब माझ्याकडे आला. पण माझ्याआधी पुतण्याने लॅपटॉप उघडला होता.

त्याचा हिशेब असा. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या १,७४,२२६. केंद्राच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये, आणि त्यातला साधारण ११ टक्के पेयं, नाश्ता आणि तयार पदार्थांवर. म्हणजे माणशी ७७० रुपये. गुणाकार केला की महिन्याला १३ कोटी ४० लाख. "काका, आपण फक्त एक टक्का धरू," तो म्हणाला. एक टक्का म्हणजे १३ लाख ४० हजार. ऐंशी रुपयांचा डबा, महिन्याला सव्वीस दिवस, म्हणजे एका गिऱ्हाइकाचे २,०८० रुपये. भागाकार केला, रोजचे ६४५ डबे निघाले.

याला टॉप-डाउन म्हणतात. दुसऱ्या कोणीतरी मोजलेला मोठा आकडा घ्यायचा आणि चाळण्या लावत लावत आपल्यापर्यंत खाली यायचं. बॉटम-अप उलटं: एक गिऱ्हाईक, एक इमारत, एक फेरी असं स्वतः मोजायचं आणि बेरीज करत वर जायचं. दोन्हींच्या शेवटी "इतके डबे" असाच आकडा येतो, म्हणून लोकांना ते एकाच उत्तराचे दोन रस्ते वाटतात. मग दोघांची सरासरी काढतात, नाहीतर जो मोठा तो बँकेला दाखवतात.

पुतण्याच्या हिशेबात खोटं काही नव्हतं. लोकसंख्या जुनी आहे, पण जुनी असल्यामुळे ती कमीच भरते. अडचण पहिल्याच चाळणीत होती. त्या ११ टक्क्यांत चहा, बिस्किटं, फरसाण, थंड पेयं आणि वडापावही येतो. सर्वेक्षणाच्या यादीत विकत घेतलेलं शिजवलेलं जेवण ही वेगळी नोंद असते, पण त्याने सगळा गठ्ठाच उचलला. शिवाय ती सरासरी देशभरातल्या शहरांची. दुसरी अडचण त्या एक टक्क्याची. तो ऐकायला नम्र वाटतो, पण तो कुठूनही आलेला नाही. अर्धा टक्का धरला असता तर ३२२ डबे झाले असते, आणि तेही तितकंच पटलं असतं.

वहिनीने तो आकडा ऐकला आणि एकच प्रश्न विचारला: "भाऊजी, पोळ्या कोण लाटणार?" डब्यात चार पोळ्या, ६४५ डब्यांच्या २,५८० झाल्या. आमच्या मावशी लाटून-भाजून तासाला साठ-पासष्ट करतात, म्हणजे चाळीस तासांचं काम रोज. एक स्कूटरवाला जेवणाच्या वेळेत पंचवीस-तीस डबे पोचवतो, म्हणजे तेवीस स्कूटर. वरून काढलेला आकडा असा परत स्वयंपाकघरात आणून पाहावा, तो किती फुगलाय ते लगेच कळतं.

पण इथे एक घोटाळा होतो, तोही सांगून ठेवतो. बरेच जण "आपल्या ओट्यावर शंभर डबे होतात, म्हणजे शंभर गुणिले ऐंशी" असा हिशेब करतात आणि त्याला बॉटम-अप म्हणतात. तो ओट्याचा हिशेब झाला, बाजाराचा नव्हे. शंभर डबे करता येतात याचा अर्थ शंभर जण खाणार आहेत असा होत नाही. बॉटम-अप मोजायला गिऱ्हाइकाच्या दाराशीच जावं लागतं.

मग आम्ही गेलो. बदलापुरातल्या कात्रपमध्ये एक गल्ली निवडली, आत चोवीस इमारती, मिळून ६७२ फ्लॅट. हा आकडा पाट्यांवरून निघतो, पण तो कामाचा नाही. गुंतवणुकीसाठी घेऊन कुलूप लावलेले फ्लॅट अशा ठिकाणी बरेच असतात. म्हणून रात्री नऊ वाजता खालून दिवे मोजले आणि शंका होती तिथे वॉचमनला विचारलं. राहती घरं निघाली ५२०.

त्यानंतर तीन दिवस गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं. दुपारी पुतण्या, संध्याकाळी मी. मोजायचा तो डबेवाला, ॲपवरून आलेली पिशवी नाही. एकदाच मागवलेली बिर्याणी आणि रोजचा डबा यांत फरक आहे, आणि वॉचमनला तो बरोबर ठाऊक असतो: "हे रोजचं, ते शनिवारचं." दुपारी नऊ डबे आत गेले, संध्याकाळी एकतीस.

डोंबिवलीत आमचं प्रमाण याच्या अगदी उलटं होतं, आणि कारण शोधायला लांब जावं लागत नाही. बदलापूरचा कमावता माणूस सकाळी लोकल पकडतो, सव्वा-दीड तासाने मुंबईत उतरतो आणि रात्री आठ-साडेआठला परततो. जनगणना माणूस जिथे राहतो तिथे मोजते. तो दुपारी कुठे जेवतो याच्याशी तिचा संबंध नाही. टॉप-डाउनला घड्याळ नसतं. ते १३ कोटी बदलापूरकरांच्या खिशातून जात असतीलही, पण त्यातले कितीतरी फोर्टात नाहीतर अंधेरीत खर्च होतात. वहिनीचा दुपारचा डबा जसाच्या तसा तिकडे नेला असता, तर घेणारेच गावात नसते. तिथे रात्रीचा डबा हवा, म्हणजे पोळ्या संध्याकाळी पाचला सुरू. आणि कर्जतकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या लोकलमध्ये डोंबिवलीहून डब्यांचे क्रेट चढवणं ज्याने ती गर्दी पाहिलीय तो सुचवणारही नाही. स्वयंपाकघर तिथेच हवं.

आता किती जण आपल्याकडे येतील? इथे फुकट चव दिली की आकडा बिघडतो. फुकट डबा सगळेच घेतात आणि "छान आहे हो" म्हणतात. तीन इमारतींतल्या ६६ राहत्या घरांना एक आठवडा पूर्ण भावाने डबा देऊ केला. अकरा घरांनी घेतला. आठवडा संपल्यावर महिन्याचे पैसे पाच जणांनी भरले. पाच म्हणजे साडेसात टक्के, पण ६६ घरांवरून टक्का ठरवणं कच्चं काम आहे. एखाद्या काकूंनी शेजारणीला सांगितलं तरी दोन घरं वाढतात. म्हणून मी जवळजवळ निम्मा केला, चार टक्के. ५२० घरांतून एकवीस गिऱ्हाइकं.

आणि एकवीस गिऱ्हाइकं म्हणजे रोज एकवीस डबे नव्हेत. डोंबिवलीच्या वह्या काढल्या. महिन्याचा डबा लावलेलं घर सरासरी अठरा दिवस घेतं. शनिवार-रविवार बाहेर, चतुर्थी, गावाला जाणं, आणि दुपारी चारला येणारा तो "आज नको" मेसेज. एकवीस गुणिले अठरा, महिन्याला ३७८ डबे.

६४५ आणि २१ शेजारी मांडले तेव्हा पुतण्याचा चेहरा पडला. मलाही वाटलं, माझं म्हणणं खरं ठरलं. पण हे दोन आकडे असे शेजारी ठेवताच येत नाहीत. एक सगळ्या गावाचा, दुसरा एका गल्लीचा. चार माणसांचं एक घर धरलं तर २०११ च्या लोकसंख्येची साधारण ४३,५०० घरं होतात. त्यावर ६४५ डबे पसरले तर आमच्या ५२० घरांच्या वाट्याला जेमतेम आठ येतात. म्हणजे घरटी पाहिलं तर पुतण्याचा "फुगलेला" आकडा माझ्यापेक्षा निम्म्याहून कमी होता!

यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली टॉप-डाउनबद्दल: त्याच्या आकड्याला पत्ता नसतो. चोवीस इमारतींत आठ डबे म्हणजे स्कूटरवाला प्रत्येक डब्यासाठी वेगळ्या गेटवर वहीत सही करणार आणि लिफ्टची वाट पाहणार. एका गेटात तीन डबे असले तरच फेरी परवडते. एवढे डबे गावात कदाचित असतीलही, पण असे विखुरलेले असतील तर ते आपल्या कामाचे नाहीत.

दुसरी माझ्या मोजणीबद्दल, आणि ती मला जास्त लागली. कात्रपची गल्ली मी निवडली कारण ती चांगली दिसली: नव्या इमारती, नवरा-बायको दोघं नोकरीला. तिथला चार टक्के घेऊन सगळ्या ४३,५०० घरांना गुणलं तर १,७४० गिऱ्हाइकं निघतात, आणि ती पुतण्याच्या एक टक्क्याइतकीच हवेतली आहेत. बॉटम-अपची चूक मोजण्यात सहसा नसते, ती गुणाकारात असते. जेवढं मोजलं तेवढ्यापुरतंच ते खरं. पुढच्या गल्लीत पुन्हा उभं राहावं लागतं.

मग वरच्या आकड्याचा उपयोग काय? आहे. दोन गावांत निवड करायची तर तो घरी बसून मिळतो. अंबरनाथची २०११ ची लोकसंख्या २,५३,४७५, म्हणजे छत बदलापूरपेक्षा उंच. आणि खालून केलेली बेरीज कधी त्या छताला लागली तर आपलं कुठेतरी चुकतंय हे समजतं. फक्त त्या छतावरून मालाची यादी काढू नये.

वहिनीला हवं होतं ते उत्तर मात्र खालूनच आलं. ऐंशीच्या डब्याला किराणा, भाजी, गॅस आणि पॅकिंग मिळून अडतीस जातात, उरतात बेचाळीस. तिथे खोलीचं भाडं सहा हजार, संध्याकाळपुरता स्कूटरवाला नऊ हजार, पोळ्यांच्या बाईंचे सात हजार, एकूण बावीस. ३७८ डब्यांचे होतात १५,८७६. सहा हजारांची खोट. बावीस हजार भरून निघायला महिन्याला ५२४ डबे लागतात, म्हणजे एकवीसऐवजी तीस गिऱ्हाइकं, आणि तीही एकाच स्कूटरच्या फेरीत बसणारी.

"म्हणजे नऊ घरं कमी पडतात," वहिनी म्हणाली. पुतण्याने लॅपटॉप मिटला आणि शिरगावच्या बाजूला वॉचमनशी ओळख असलेलं कोण आहे ते विचारायला फोन लावला.