पॉलिसी बदलली की एस्टिमेट? मार्चआधी एकदा वाचा

आमच्याकडे हिशेब लिहायला देणाऱ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांसाठी हे पत्रक आहे. दरवर्षी मे-जूनमध्ये कोणाच्या तरी फायली दोनदा कराव्या लागतात आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं. वर्षाच्या मध्ये काहीतरी बदललेलं असतं, अकाउंटंटनं त्याचा हिशेब मागच्या तारखेपासून लावलेला असतो आणि आम्हाला ते ताळेबंद जुळत नाही तेव्हा कळतं.

एक साधा प्रश्न विचारा: मोजायचं माप बदललं, की मोजताना बांधलेला अंदाज? माल फिफोनं, म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं धरून, मोजत होतो आणि आता भारित सरासरीनं मोजतो, म्हणजे माप बदललं. हा लेखा धोरणातला, म्हणजे पॉलिसीतला, बदल. मशीन पंधरा वर्षं चालेल असं धरलं होतं, आता दहाच वर्षं चालेल असं वाटतं, म्हणजे अंदाज बदलला. ते एस्टिमेट. बुडीत उधारीची तरतूद, वॉरंटीची तरतूद, भंगाराची किंमत हे सगळे अंदाजच. नक्की ठरत नसेल तर लेखामानक ५ सांगतं, अंदाजातला बदल समजा आणि टिपेत नीट लिहा.

आता ज्यात सगळ्यांचा वेळ जातो तो घसारा. एक उदाहरण घेऊ. एका वर्कशॉपनं ३० लाखांचं सीएनसी लेथ घेतलं. शेवटी हाती येणारी किंमत ५ टक्के, म्हणजे दीड लाख, आणि आयुष्य कंपनी कायद्याच्या परिशिष्ट २ प्रमाणे १५ वर्षं धरलं. सरळ रेषेनं वर्षाला १ लाख ९० हजार घसारा बसतो. पाच वर्षं झाली, साडेनऊ लाख घसारा लिहून झाला, पुस्तकी किंमत २० लाख ५० हजार उरली. सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला मालकांना कळलं की रोज दोन पाळ्या चालवल्यानं यंत्र फार तर आणखी पाच वर्षं टिकेल.

अकाउंटंट इथं काय करतो? आयुष्य पहिल्यापासून १० वर्षं धरून वर्षाला २ लाख ८५ हजार काढतो, पाच वर्षांचे सव्वाचौदा लाख होतात, आधीचे साडेनऊ वजा करून ४ लाख ७५ हजारांचा ‘मागचा घसारा’ एका नोंदीत टाकतो. ही नोंद चुकीची आहे. मागची पाच वर्षं त्या वेळच्या माहितीवर बरोबरच होती, त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या २०.५० लाखांतून दीड लाख वजा करा, राहिलेले १९ लाख पाच वर्षांत वाटा: वर्षाला ३ लाख ८० हजार. बस. टिपेत लिहायचं की अमुक यंत्राचं उर्वरित आयुष्य पाच वर्षं धरलं, त्यामुळे यंदाचा घसारा १ लाख ९० हजारांनी वाढला, नफा तेवढाच कमी झाला आणि पुढच्या चार वर्षांतही तसाच परिणाम होईल. हा घसारा नफातोटा पत्रकात नेहमीच्याच ओळीत जातो, वेगळं खातं उघडायचं नाही.

ही चूक निष्काळजीपणाची नव्हे, जुन्या सवयीची आहे. २०१६ पूर्वी घसाऱ्याची पद्धत बदलणं, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा काढणाऱ्या डब्ल्यूडीव्हीवरून सरळ रेषेवर येणं, ही पॉलिसीच मानली जायची आणि यंत्र वापरात आल्यापासून सगळं पुन्हा मोजून फरक त्याच वर्षात टाकायचा असे. १ एप्रिल २०१६ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना सुधारित लेखामानक १० लागलं आणि पद्धतीतला बदलही अंदाजातला बदल ठरला. जुन्या हातांना तो नियम पाठ आहे, एवढंच.

परिशिष्टातल्या आयुष्यापेक्षा वेगळं आयुष्य धरलं तर आम्ही यंत्र पुरवठादाराचं किंवा इंजिनिअरचं पत्र मागतो. “आमच्या मशीनचं आम्हालाच कळतं, पत्र कशाला?” असं ऐकावं लागतं. पण कायदा फरक जाहीर करून त्याला तांत्रिक सल्ल्याचा आधार द्यायला सांगतो आणि ऑडिटर तो कागद मागणारच. पत्राचा नमुना आमच्याकडे आहे, मागून घ्या.

आता मालाच्या साठ्याकडे. एका ॲल्युमिनियम व्यापाऱ्यानं फिफो सोडून भारित सरासरी घेतली. अखेरचा साठा फिफोनं ४२ लाख, सरासरीनं ४०.६० लाख. आरंभीचा साठा, म्हणजे मागच्या वर्षी सही झालेल्या ताळेबंदातला, फिफोनं ३६ लाख. तो सरासरीनं मोजला असता तर ३५ झाला असता. आपल्याला लागू असलेल्या लेखामानक ५ प्रमाणे मागचे आकडे तसेच राहतात, १ लाख ४० हजारांचा पूर्ण फरक याच वर्षाच्या नफ्यात पडतो आणि टिपेत पद्धत, कारण व रक्कम द्यावी लागते. कारण हवंच: कायद्यानं सांगितलं, लेखामानकानं सांगितलं किंवा नव्या पद्धतीनं चित्र अधिक बरोबर दिसतं. “बँकेला नफा कमी दिसतोय” हे कारण चालत नाही.

आपली कंपनी इंड एएस, म्हणजे मोठ्या कंपन्यांची वेगळी लेखामानकं, लागू असलेल्या कंपनीची उपकंपनी असेल तर उलटं करावं लागतं. तिथं मागच्या वर्षाचे आकडेही नव्या मापानं पुन्हा मांडतात. वरच्या उदाहरणात १ लाख आधीच्या वर्षांकडे जातो आणि यंदाच्या नफ्यावर फक्त ४० हजारांचा भार येतो. बदल मोठा असेल तर मागच्या वर्षाच्या सुरुवातीचा तिसरा ताळेबंदही द्यावा लागतो. अंदाजातल्या बदलाचा हिशेब मात्र दोन्हीकडे इथून पुढेच.

टॅली वापरणाऱ्यांनी एक जपा. स्टॉक आयटममध्ये जाऊन Costing Method ‘FIFO’ चं ‘Avg. Cost’ केलं की त्या डेटातला जुना साठाही नव्या पद्धतीनं मोजला जातो. मागच्या ३१ मार्चला ३६ च्या जागी ३५ लाख दिसायला लागतात आणि सही झालेल्या ताळेबंदाशी पटत नाही. ओळखायला सोपं आहे: पद्धत बदलल्यावर मागच्या ३१ मार्चची तारीख घालून ताळेबंद उघडा आणि छापील प्रतीशी साठ्याचा आकडा ताडून बघा. फरक दिसला तर काही पुढं करू नका, बदलाआधीचा बॅकअप लावा आणि फोन करा. पद्धत बदलायचीच असेल तर १ एप्रिलपासून नवा डेटा करून त्यात साठ्याची आरंभीची किंमत बांधून घेतो. आधी सांगितलंत तर फार काम नाही. वर्षभराच्या नोंदी झाल्यावर मात्र आठवडा जातो आणि त्याचं बिल वेगळं लागतं.

मागच्या वर्षीचं विजेचं बिल चढवायचंच राहिलं होतं, ते आता सापडलं, तर तो ना पॉलिसीतला बदल ना एस्टिमेटमधला. ती चूक, तिची ओळ निराळी. बिल सापडलं की त्यावर ‘मागील वर्ष’ लिहून पाठवा, पुढचं आम्ही बघतो.

टिपा कोण वाचतं, असं बरेच जण विचारतात. सीसी मर्यादा नूतनीकरणाला गेलं की बँकेतला अधिकारी वाचतो. नफा घसरलेला दिसला तर तो आधी तिथंच कारण शोधतो. त्यात “यंत्राच्या आयुष्याचा अंदाज बदलल्यानं घसारा १.९० लाखांनी वाढला” हे वाक्य असलं की खुलाशाचं पत्र लिहावं लागत नाही. ही टिप मसुद्यात घालणं आमच्या नेहमीच्या वार्षिक कामात आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त बदल केल्याची तारीख आणि कारण फेब्रुवारीअखेर आमच्याकडे पोचू द्या. दोन ओळींचा मेसेज चालेल.